पोरांचा प्लँक आणि कंबरेतला झोळ

*ताई नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत पीटी घेतो, कबड्डीची टीम पण माझ्याकडेच आहे. आठवी ते दहावीची पोरं-पोरी मिळून चाळीसेक जण आहेत. रोज शेवटी सगळ्यांना प्लँक लावतो, दोन मिनिटं टाइमर. बरेच जण पूर्ण करतात, पण हल्ली दोन-तीन पोरं म्हणतात "सर, कंबर दुखस." आणि माझा एक चांगला रेडर आहे नववीतला, वर्षभरात एकदम उंच झाला, तो प्लँक तर दोन मिनिटं आरामात मारतो पण रेडमधे कोणी घोटा धरला की कंबरेतून मोडतो. नेमकं काय चुकतंय? प्लँकचे कोणते प्रकार घ्यायचे, कोणत्या चुका पकडायच्या? — एक क्रीडाशिक्षक*

सर, नमस्कार. उद्या ग्राउंडवर टाइमर लावूच नका. त्याऐवजी मोबाइल जमिनीवर एखाद्या विटेला टेकवून उभा करा, पोराच्या बरोब्बर बाजूला, आणि त्या रेडरचा प्लँक सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूट करा. मग दोघं मिळून बघा. बहुतेक कोच प्लँक घेताना समोर उभे असतात, हातात स्टॉपवॉच असतं, आणि समोरून फक्त चेहरा, खांदे आणि थरथरणारे हात दिसतात. जी चूक सगळ्यात महाग पडते ती फक्त बाजूने दिसते, ती पण तुमची नजर त्याच्या कंबरेच्या लेव्हलला आली तरच. म्हणून मी पोरांना प्लँक लावला की खाली उकिडवी बसते, उभ्याने मला काही कळत नाही.

व्हिडिओत बहुतेक असं दिसेल: पहिली वीसेक सेकंद पाठ सरळ आहे, मग हळूहळू पोट जमिनीकडे जायला लागतं, कंबरेत खोलगट बाक पडतो, आणि नंतर तो त्याच अवस्थेत उरलेला दीड मिनिट आरामात काढतो. हे "आरामात" तुम्ही पत्रात लिहिलंय ना, तिथेच सगळं उत्तर आहे. ढिली पडलेली बाज जशी मधे झोळ धरते आणि सगळा भार चौकटीवर जातो, तसंच शरीराचं होतं. प्लँकमधे पोटाच्या स्नायूंचं काम एकच असतं, कंबर खाली जाऊ द्यायची नाही. ते थकले की कंबर खाली जाते आणि मणक्याच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात ते एकमेकांवर टेकतात, पुढचे लिगामेंट ताणले जातात, मांडीला वर उचलणारे पुढचे स्नायू कंबर आणखी पुढे ओढतात, आणि शरीर या सगळ्यांवर लटकून राहतं. टाइमर चालू आहे पण पोट सुटीवर गेलंय. म्हणजे वीस सेकंद व्यायाम झाला आणि शंभर सेकंद कंबरेचे सांधे दाबले गेले, तेही रोज. मग ती पोरं कंबर दुखते म्हणतात त्यात नवल काय.

आता याच वयात हे जास्त का होतं ते बघा, कारण हे कळलं की तुम्ही पोरांवर ओरडणार नाही. मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलींची बाराच्या आसपास, आणि त्या वर्षात आठ-नऊ सेंटीमीटर वाढ सहज होते. हाडं आधी लांबतात, स्नायूंची ताकद नंतर येते. प्लँकमधे कोपर आणि पायाचे अंगठे हे दोन टेकू, आणि त्या दोन टेकूंमधलं अंतर जितकं लांब तितकी मधली कंबर सांभाळायला जास्त ताकद लागते. तुमचा रेडर मागच्या वर्षी जो प्लँक मारत होता तोच आज त्याच्यासाठी जास्त अवघड झालाय, कारण टेकू लांब गेले, वजन वाढलं, पण पोट अजून जुन्याच उंचीचं आहे. घोटा धरल्यावर तो मोडतो तेही याच कारणाने. म्हणून वर्गाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या उंचीच्या खुणा करा. ज्याची खूण भसकन वर गेली त्याचा प्लँक एक पायरी सोपा करायचा, त्याला वाईट वाटू द्यायचं नाही, वरून सांगायचं की बाबा तू वाढतोयस म्हणून हे करतोय.

पुढे जायच्या आधी त्या दुखणाऱ्या दोन-तीन पोरांचं बोलू, कारण त्यांना थांबवून ठेवता येणार नाही. आजपासून त्यांचा प्लँक बंद. त्यांना उभं करून मागे वाकायला सांगा, मग एका पायावर उभं राहून हळूच मागे वाकायला सांगा. वाकताना कंबरेत एका जागी, विशेषतः एका बाजूला, टोचल्यासारखं दुखत असेल, खेळल्यावर वाढत असेल आणि विश्रांती घेतली की कमी होत असेल, तर त्याला "व्यायामाचं दुखणं" समजून सोडू नका, पालकांना बोलावून हाडांच्या डॉक्टरला दाखवायला सांगा. वाढत्या वयात कंबरेच्या खालच्या मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक स्ट्रेस फ्रॅक्चर होऊ शकतं, पाचव्या मणक्यात जास्त करून, आणि फास्ट बोलिंग टाकणाऱ्या पोरांमधे, वारंवार मागे वाकणाऱ्या आणि वळणाऱ्या खेळांमधे ते दिसतं. लवकर कळलं तर खेळातून विश्रांती देऊन बहुतेक पोरं नीट होतात. मात्र पाय बधिर होणं, मुंग्या येणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा दुखण्यासोबत ताप, यातलं काही असेल तर तुमची टेस्टबिस्ट करत बसू नका, सरळ दवाखाना. आणि प्लँक करताना पोटात जळजळ, थरथर, मांड्या थकणं हे चालतं, कंबरेत दुखणं चालत नाही, एवढा फरक चाळीसही जणांना पाठ करून द्या.

आता शिकवायचं कुठून? जमिनीवरच्या प्लँकवरून नाही. आधी पोराला हे कळलं पाहिजे की कंबरेखालचा सांगाडा, ज्याला आपण पेल्विस म्हणतो, तो पुढे-मागे झुकवता येतो. बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं, तुम्ही "कंबर सरळ कर" म्हटलं की ती कुल्ले वर करतात, कारण त्यांना कंबर हलवायचा तेवढाच एक रस्ता माहीत असतो. सगळ्यांना हात-गुडघ्यांवर घ्या, घोडा-घोडा खेळतात तसं. आधी पाठ मांजरासारखी वर फुगवायची, मग हळूच खाली सोडायची, सात-आठ वेळा, जोर न लावता. मग दोन्हींच्या मधे थांबायचं. आणि इथे एकच वाक्य सांगा: "पँटच्या नाडीची गाठ बेंबीकडे ओढ." नाडीची गाठ वर गेली की पेल्विस आपोआप जागेवर येतो, पोट आवळतं, कंबरेतला बाक कमी होतो. "कोअर टाइट कर" असं म्हणाल तर पोरं पोट आत ओढून श्वास धरून बसतात, त्याने काही होत नाही.

हे जमलं की काठी आणा. साडेतीन-चार फुटांची कुठलीही सरळ काठी चालेल, झाडूचा दांडा पण चालतो. पोर हात-गुडघ्यांवर असतानाच ती पाठीवर आडवी नाही तर लांबीला ठेवायची, डोक्यापासून माकडहाडापर्यंत. काठी तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्याच्या फऱ्यांच्या मधे, आणि माकडहाड. कंबरेजवळ थोडी फट राहणारच, तिथे सपाट बोटं सरकतील एवढी असावी. बोटांऐवजी मूठ जायला लागली की झोळ पडला. फऱ्यांवरून काठी सुटली आणि फक्त कुल्ल्यावर उभी राहिली की पोराने तंबू केलाय. ही काठी म्हणजे तुमचा पंच, ती ओरडत नाही आणि तिच्याशी पोरं वाद घालत नाहीत.

आता तुमच्या रेडरचंच उदाहरण घेऊन सांगते. समजा व्हिडिओत त्याची कंबर बाविसाव्या सेकंदाला खाली गेली. म्हणजे त्याचा खरा प्लँक बावीस सेकंदांचा, दोन मिनिटांचा नाही. त्याला हे नीट सांगा, व्हिडिओ दाखवून, बाकीच्या पोरांसमोर नको. मग त्या वेळेच्या निम्मं धरा, साधारण दहा सेकंद, आणि तेवढाच होल्ड द्या पण पुन्हा पुन्हा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर पाठीवर काम केलंय, त्यांच्या व्यायामांमधे पण होल्ड दहा सेकंदांच्या आसपासचे असतात, आणि वाढवायचं झालं तर होल्ड लांबवायच्या ऐवजी किती वेळा करायचं ते वाढवायचं. पोरं म्हणतील की ताई, लोक तर तासन् तास करतात, 2021 मधे ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल स्कॅलीने साडेनऊ तास प्लँक मारलाय. मारला असेल, तो वेगळा खेळ आहे. कबड्डीत तुमच्या पोराला तीस सेकंदांच्या रेडमधे दोन-तीन वेळा, दोन-तीन सेकंद दगडासारखं घट्ट व्हायचंय आणि लगेच मोकळं होऊन पळायचंय. त्याची तयारी छोट्या, कडक होल्डनेच होते.

पहिले दोन आठवडे त्याने जमिनीवर करूच नये. शाळेच्या ओट्यावर किंवा बाकावर कोपरं टेकवून करायचं, पाय जमिनीवर. कोपर खांद्याच्या अगदी खाली, पाय कमरेएवढे लांब-लांब, नाडीची गाठ वर, मांड्या कडक, कुल्ले आवळलेले. अंग तिरकं असल्यामुळे कंबरेवरचा भार कमी होतो पण टाचेपासून डोक्यापर्यंत सगळं अंग कामाला लागतं, म्हणून मला हा प्रकार गुडघ्यावरच्या प्लँकपेक्षा जास्त आवडतो. ओटा नसेल तर गुडघ्यावर घ्या, फक्त एक लक्ष ठेवा, गुडघ्यावर आलं की पोरं कुल्ले हवेत ठेवून ओणवी राहतात, तेव्हा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेष झालीच पाहिजे. दहा सेकंद होल्ड, दहा सेकंद मोकळं, असे सहा. मग दीड-दोन मिनिटं थांबून चार. मग पुन्हा थांबून दोन. झालं, एवढंच, आठवड्यातून तीन दिवस, आणि सरावाच्या शेवटी नाही तर वॉर्मअप झाल्या झाल्या, कारण दमलेलं पोट नीट करायला शिकत नाही, फक्त ढकलायला शिकतं.

तिसऱ्या आठवड्यात जमिनीवर. तेच सहा-चार-दोन. काठी ठेवा. दहाही सेकंद काठी हलली नाही असे सगळे सेट सलग तीन सरावांत झाले तरच पुढे, मग वेळ पंधरापर्यंत न्या, आणि वीसच्या पुढे मी या वयात नेतच नाही, त्याऐवजी प्रकार अवघड करते. यात कसोटी एकच, काठी सुटली की होल्ड संपला. मी पोरांना एक आठवण देते, "गाठ!", दोन सेकंदांत दुरुस्त झालं तर चालू, नाही तर खाली बसायचं. कितीही चांगला खेळाडू असो.

बाकी चुका सांगते, पण एक विनंती, एका वेळी एकच दुरुस्त करा. कंबर, मग खांदे, मग मान, या क्रमाने. प्लँकमधल्या पोराला तुम्ही एकदम चार गोष्टी सांगितल्या तर तो चारही विसरतो.

कुल्ले वर, म्हणजे तंबू, ही चूक दिसायला मोठी वाटते पण नुकसान कमी करते, त्यात पोर फक्त भार खांद्यांवर टाकून सुटका करून घेतंय. तो तंबू अचानक झाला तर समजायचं पोट थकलंय, ओरडायचं नाही, खाली बसवायचं. सुरुवातीपासूनच तंबू असेल तर त्याला प्रकार झेपत नाहीये, परत ओट्यावर. खांद्यांची चूक मात्र बारीक नजरेची आहे. पोर थकलं की छाती दोन्ही खांद्यांच्या मधे लोंबते आणि पाठीवर फऱ्यांची हाडं पंखासारखी बाहेर येतात. त्याला सांगा, "कोपराने जमीन खाली ढकल." फऱ्यांमधली जागा भरून आली पाहिजे. आणि बऱ्याच पोरांची कोपरं हळूहळू पुढे सरकतात, कोपर पुढे गेलं की टेकू लांब झाला, की परत कंबरेवर भार. म्हणून खडूने कोपरांची खूण करून घ्या. मानेसाठी एवढंच की नजर दोन्ही मुठींच्या मधे, समोर बघितलं की मानेबरोबर कंबर पण वाकते, पायांकडे बघितलं की पाठ गोल होते.

श्वासाची चूक दिसत नाही, ऐकू येते. म्हणजे येत नाही. सगळं ग्राउंड शांत झालं की समजायचं सगळ्यांनी श्वास धरलाय. मी यावर एक सोपा उपाय करते, होल्डमधे पाढा म्हणायला लावते, मोठ्याने, सतराचा किंवा एकोणीसचा. पाढा म्हणताना श्वास धरता येत नाही, आणि एक पाढा सावकाश म्हटला की दहाएक सेकंद होतात, टाइमरची गरजच नाही. पाढा अडखळला तर चालेल, आवाज घुसमटला तर होल्ड जड आहे. गणिताच्या सरांना पण बरं वाटतं.

आता प्रकार. यूट्यूबवर प्लँकचे पन्नास प्रकार सापडतील, तुम्हाला तीनच लागतात. एक हा सरळ, ज्याचं आत्तापर्यंत बोललो, तो कंबर मागे वाकू देत नाही. दुसरा बाजूचा, म्हणजे साइड प्लँक, जो अंग बाजूला कलू देत नाही. तिसरा खांद्याला हात लावायचा, जो कंबर फिरू देत नाही. रेडरचा घोटा धरला जातो तेव्हा त्याचं अंग या तिन्ही दिशांना एकाच वेळी ओढलं जातं, म्हणून फक्त सरळ प्लँक करून तो सुटणार नाही.

साइड प्लँक चौथ्या आठवड्यापासून, आधी गुडघे वाकवून. कुशीवर झोपायचं, कोपर खांद्याखाली, गुडघे काटकोनात मागे, आणि कुल्ला जमिनीवरून उचलायचा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेष. इथे तुम्ही समोर उभे राहून बघायचं नाही, डोक्याच्या बाजूने बघायचं, कारण नेहमीची चूक अशी की कुल्ला वर येतो पण मागे राहतो, पोर कंबरेत मोडून खुर्चीत बसल्यासारखं होतं. "कुल्ला पुढे आण" एवढं सांगितलं की होतं. दुसरी चूक, वरचा खांदा पुढे कोसळतो आणि पोर जमिनीकडे तोंड करून लोंबतं. वरचा हात कंबरेवर ठेवायला लावा, कोपर आकाशाकडे, ते पुढे पडलं की लगेच दिसतं. दोन्ही बाजू करा आणि लिहून ठेवा, कारण रेडर लोकांची एक बाजू जवळपास नेहमी कच्ची असते. कच्च्या बाजूने सुरुवात करा आणि पक्क्या बाजूला पण तेवढंच द्या, जास्त नाही. दहा-दहा सेकंदांचे चार झाले नीट, की मग पाय सरळ करून, वरचा पाय पुढे आणि खालचा मागे, दोन्ही जमिनीवर.

तिसरा प्रकार सहाव्या आठवड्याच्या आसपास, पण सरळ प्लँक पंधरा सेकंद काठी न हलता जमला असेल तरच. हात सरळ, तळवे खांद्याखाली, पाय खांद्यांपेक्षा चांगले रुंद. आता एक हात उचलून दुसऱ्या बाजूच्या खांद्याला लावायचा, दोन सेकंद थांबायचं, परत खाली. सगळी पोरं हे धपाधप करतात आणि कंबर डावी-उजवी हलते, ज्या गोष्टीसाठी करायचं तीच गोष्ट निघून जाते. फळा पुसायचं डस्टर माकडहाडावर ठेवा. पडलं तर पाय आणखी रुंद करा, आणि हात उचलायच्या आधी दुसऱ्या हाताने जमीन ढकलून घ्यायला सांगा. दोन्ही हातांना चार-चार वेळा, सावकाश, दोन सेट, बास. डस्टर पडायचं थांबलं की हळूहळू पाय जवळ आणा. मनगट दुखणाऱ्या पोराला हे ओट्यावर हात ठेवून द्या.

तुमच्या रेडरला डस्टर सांभाळता आलं की मगच घोट्याचा सराव. तो सरळ हातांच्या प्लँकमधे, जोडीदार मागे बसून त्याचा एक घोटा दोन्ही हातांनी धरतो आणि हळूच, झटका न देता, वेगवेगळ्या बाजूंना ओढायचा प्रयत्न करतो, पाच-सहा सेकंद. रेडरने हलायचं नाही. जोडीदाराला आधी सांगून ठेवा की कंबर हलली तर तू जास्त ओढलंस, म्हणजे तो कुस्ती खेळायला लागणार नाही. दोन्ही पायांना दोन-दोन वेळा. मग त्याच अवस्थेतून एक हात लांब पुढे नेऊन रेषेला लावायचा, मॅचमधे मिडलाइन गाठतात तसा. इथे पुन्हा झोळ दिसला तर एक पायरी मागे, लाज नाही. हेही सांगते की घोटा सोडवायला फक्त पोट पुरत नाही, पायाची ताकद आणि वेळ साधणं वेगळं शिकवावं लागतं, पण कंबर मोडली नाही तर त्या दोन्ही गोष्टी वापरायला त्याच्याकडे एक क्षण तरी राहतो.

चाळीस जणांना हे कसं करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. जोड्या लावा. एक जमिनीवर, दुसरा काठी घेऊन बाजूला बसलेला, तो बघणार आणि थांबवणार. पाढा संपला की अदलाबदल, विश्रांती आपोआप मिळते. चाळीस पोरांना वीस काठ्या लागतात, त्या शेतातून येतात, तुऱ्हाट्या नीट सोलून घेतल्या तरी काम होतं. बघणारं पोर महिनाभरात तुमच्याइतकं पारखी होतं, आणि जे दुसऱ्यात बघायला शिकलं ते स्वतःच्या अंगात पण ओळखायला लागतं. पोरींच्या जोड्या पोरींच्याच, वेगळ्या रांगेत, शक्य असेल तर मॅडम सोबत. त्यांना हात लावून दुरुस्त करायचं नाही, काठी मैत्रीण ठेवेल, तुम्ही फक्त शब्दांनी सांगा. खरं तर पोरांनाही हात लावायच्या आधी विचारा. टी-शर्ट पँटमधे खोचून घ्यायला सांगा, नाही तर पोरींचं अर्धं लक्ष कपडे सावरण्यात जातं आणि प्लँक राहतो बाजूला. पाळीच्या दिवसांत करायचं की नाही ते तिला ठरवू द्या, कारण विचारायचं नाही.

दोन गोष्टी पूर्ण बंद करा. एक, पाठीवर दुसरा पोरगा बसवणं किंवा विटा ठेवणं. आपल्याकडे ग्राउंडवर हे कौतुकाने करतात आणि मला बघवत नाही, वाढत्या मणक्यावर मधोमध भार टाकायचा आणि खाली झोळ पडलाय हे कोणी बघायचं नाही. दुसरं, उशिरा आला म्हणून प्लँकची शिक्षा. शिक्षेत पोर वेळ काढायला शिकतं, आणि वेळ काढायचा सगळ्यात सोपा रस्ता झोळाचाच आहे. "कोण जास्त वेळ" ही स्पर्धा पण त्याच कारणाने नको. स्पर्धा हवीच असेल तर कोणत्या जोडीची काठी सगळ्यात कमी वेळा सुटली याची लावा.

आणि आपलं ऊन. मार्च लागला की आपल्याकडे जमीन सकाळी नऊलाच तापते, एप्रिल-मेमधे तर पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्यात कोपरं टेकवायची म्हणजे पोरं कोपरं वाचवायला हात सरकवतात आणि सगळी ठेवण बिघडते. व्हरांड्यात घ्या, सकाळी सातच्या आत, खाली गोणपाट दुहेरी किंवा सतरंजी घडी करून. फरशी गुळगुळीत असेल तर बूट काढू देऊ नका, पाय घसरला की कंबर आधी जाते.

मॅचच्या आदल्या दिवशी सहा-चार-दोन नको, फक्त दहा सेकंदांचे दोन होल्ड आणि घोट्याचा सराव प्रत्येक पायाला एकदा. मॅचच्या दिवशी वॉर्मअपमधे एक होल्ड, पाढ्यासकट. आठ आठवड्यांनी रेडरचे तीन आकडे मला कळवा, काठी न हलता किती सेकंद झाले, आणि साइड प्लँक डावीकडे किती, उजवीकडे किती. दोन्ही बाजूंत जास्त फरक निघाला तर घोट्याचा सराव थोडा मागे ठेवून आधी तो फरक भरून काढू, त्याचं वेळापत्रक मी वेगळं लिहून पाठवते.